शिवारातल्या एका दिवसाचा दर कसा काढायचा: सुटे पाहुणे, गट आणि शाळेची सहल

पुरंदर तालुक्यात आमची साडेतीन एकर शेती आहे. एक एकर अंजीर, एक एकर सीताफळ, अर्ध्या एकरात हुरड्याची ज्वारी, बाकीच्यात भाजीपाला, गोठा आणि घर. पुण्याहून माणसं सकाळी येतात, नाश्ता-जेवण करतात, बैलगाडीत बसतात, शिवारफेरी करतात आणि दिवेलागणीच्या आधी परत जातात. मुक्काम आम्ही ठेवलेला नाही. आता आसपासच्या गावांतून नव्याने कृषी पर्यटन केंद्र सुरू करणारे फोन करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: ताई, माणशी किती घ्यायचे?

पहिल्या वर्षी मी शेजारच्या गावातल्या केंद्राचा दर बघून तोच लावला, माणशी ५०० रुपये. त्यांच्याकडे घरची बैलजोडी होती आणि घरातल्याच चार बायका स्वयंपाक करायच्या. आमच्याकडे बैलजोडी भाड्याची आणि स्वयंपाकाला मावश्या रोजाने. हुरड्याचा हंगाम संपल्यावर किराणा दुकानाची उधारी चुकती केली, तेव्हा कळलं की बारा-पंधरा माणसं आलेल्या प्रत्येक रविवारी आम्ही खिशातून पैसे घातले होते. दुसऱ्याचा दर हा दुसऱ्याच्या घरातल्या हातांवर ठरलेला असतो. म्हणून या लेखात मी दर सांगत नाही, दर काढायची रीत सांगते. आकडे आमच्या शेताचे आहेत. तुम्ही त्या जागी तुमचे घाला.

पायरी १: फाटक उघडलं की किती जातात?

खर्च दोन प्रकारचा असतो आणि दोन्ही एकत्र कालवले की हिशेब बिघडतो. एक खर्च दहा माणसं आली काय नि तीस आली काय, तेवढाच होतो. मी त्याला दिवसाचा खर्च म्हणते. दुसरा ताटागणिक वाढतो, तो माणशी खर्च. आधी दिवसाचा खर्च काढा.

आमच्याकडे तीस माणसांपर्यंत स्वयंपाकाला दोन मावश्या लागतात, प्रत्येकी ६०० रुपये, म्हणजे १,२००. भांडी आणि शौचालयाच्या सफाईला एक बाई, ५००. शिवारफेरीला गावातला एक मुलगा, ८००. बैलजोडी आणि गाडीवान मिळून दिवसाचे १,५००. गॅस, चुलीचं सरपण, आगटीच्या गोवऱ्या, वापरायचं पाणी मिळून ६००. आणि आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर उभे असतो, त्याची मजुरी प्रत्येकी ८००, म्हणजे १,६००. बेरीज ६,२०० रुपये.

शेवटचा आकडा नवीन लोक हमखास गाळतात. घरच्या माणसाला कुठे पगार द्यायचा, असं वाटतं. पण एखाद्या रविवारी घरात लग्न निघालं आणि तुमच्या जागी दुसऱ्याला उभं करायची वेळ आली, की तो पैसे मागणारच. ती मजुरी दरात नसेल तर त्या दिवशी केंद्र बंद ठेवावं लागतं.

पायरी २: वर्षभराचा खर्च दिवसांवर वाटा

शौचालयं, मांडव, बाकं, ताटं-वाट्या, मुलांचे झोके यांवर आमचे चार लाख लागले. या वस्तू सरासरी आठ वर्षं टिकतील असं धरलं, तर वर्षाचे ५०,००० झाले. डागडुजी २५,०००. नोंदणी, विमा, फलक, जाहिरात आणि फोन मिळून २१,०००. हुरड्यासाठी राखलेल्या अर्ध्या एकरात दुसरं पीक घेतलं असतं तर जे सुटलं असतं, त्याचे २४,०००. एकूण १,२०,०००.

आता खरा प्रश्न दिवसांचा. वर्षात बावन्न रविवार आणि तेवढेच शनिवार असतात म्हणून शंभर दिवस धरू नका. आमचा हिशेब असा आहे: डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हुरड्याचे साधारण १८ शनिवार-रविवार, अंजीर-सीताफळाच्या दिवसांतले २७ आणि शाळांच्या सहलींचे आठवड्यामधले १५. मिळून ६०. म्हणजे दिवसाला २,००० रुपये. हेच दिवस ४० वर आले, तर दिवसाचा वाटा ३,००० होतो. पहिल्या वर्षी तुम्ही ४० च धरा.

तर दिवसाचा खर्च ६,२०० अधिक २,०००, म्हणजे ८,२०० रुपये. हा आकडा पाठ झाला पाहिजे.

पायरी ३: एका माणसाच्या पोटात किती जातं?

सकाळचे पोहे आणि चहा ४० रुपये. दुपारचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, पिठलं, भरलं वांगं, मटकीची उसळ, आमटी-भात, ठेचा, ताक आणि एक गोड पदार्थ, १३० रुपये. संध्याकाळचा चहा आणि भजी ३५. हुरडा ५०. पिण्याच्या पाण्याचे जार, साबण, कागदी रुमाल १५. बेरीज २७०. स्वयंपाक कधीच मोजून बरोबर होत नाही, म्हणून दहा टक्के नासाडी धरा, २७. झाले २९७, आपण ३०० म्हणू.

यात हुरड्याच्या ५० रुपयांवर थोडं थांबते. हुरडा घरचा, मग तो फुकट, असं आम्हीही धरत होतो. पण मोठा माणूस आगटीपाशी बसला की पावशेर हुरडा सहज खातो. तोच हुरडा आम्ही किलोला २०० रुपयांनी विकू शकतो, म्हणजे पाहुण्याच्या पोटात ५० रुपये गेले. ताकाचं, अंजिराचं, वांग्याचंही तसंच. शेतातला माल बाजारात ज्या भावाने गेला असता, त्या भावाने स्वयंपाकघराला विकला असं वहीत लिहा. नाहीतर शेती तोट्यात आणि पर्यटन नफ्यात दिसत राहतं, आणि नेमकं काय चाललंय ते कळतच नाही.

हुरड्याची दुसरी गोष्ट पेरणीची. सगळी ज्वारी एकाच दिवशी पेरली तर दाणा दुधाळ-कोवळा असण्याचे दिवस थोडेच मिळतात. मग पुढच्या रविवारी विकतचा हुरडा आणावा लागतो आणि माणशी खर्च वाढतो. आम्ही आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांत पेरतो. दराचा हिशेब असा पेरणीपासूनच सुरू होतो.

माणशी खर्च अंदाजाने लिहू नका. पहिले तीन दिवस पीठ, तेल, तांदूळ, दूध सकाळी मोजा आणि रात्री उरलेलं मोजा. आमच्याकडे एक किलो पिठाच्या मध्यम दहा भाकरी होतात आणि शहरातला पाहुणा सरासरी अडीच खातो. पंचवीस माणसांना सव्वासहा किलो पीठ पुरतं. मावशी आठ किलो मळायला निघाल्या, तर त्यांना थांबवता आलं पाहिजे.

पायरी ४: आता दर

किती माणसं येणार यावर खर्च कसा हलतो ते बघा. पंधरा माणसं आली तर ८,२०० भागिले १५, म्हणजे ५४७, अधिक ३००, असे माणशी ८४७. पंचवीस आली तर ६२८. तीस आली तर ५७३. शेत तेच, जेवण तेच, पण खर्चात माणशी पावणेतीनशेचा फरक.

दर काढताना भरलेला रविवार डोळ्यासमोर आणू नका, सरासरी रविवार आणा. आमचा सरासरी रविवार पंचवीस माणसांचा आहे. ६२८ वर पाव भाग नफा ठेवला तर ७८५ होतात. आम्ही ८०० लावले.

लावण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. एक, किती माणसांखाली तोटा? ८०० मधून ताटाचे ३०० गेले, उरले ५००. ८,२०० भागिले ५००, म्हणजे सतरा माणसं. सोळापर्यंत तोटा, सतराव्यापासून पुढे सुटतं. दोन, एजंटामार्फत पाहुणा आला आणि त्याने पंधरा टक्के घेतले तर हातात ६८० येतात. पंचवीस माणसांच्या दिवशी खर्च ६२८, म्हणजे माणशी फक्त ५२ रुपये सुटले. एजंटाची माणसं रिकामी जागा भरायला घ्या, सगळा रविवार त्यांच्यावर सोडू नका.

सतराचा आकडा कळला की फोनवर बोलणं सोपं होतं. दहा जणांचं कुटुंब मधल्या वारी यायचं म्हणतं, तेव्हा मी सांगते की दहा माणसांसाठी दिवस उघडायला आम्हाला ११,२०० रुपये खर्च येतो. बैलगाडी नको असेल तर १,५०० कमी होतील, आणि इतक्या कमी माणसांना एकच मावशी पुरते, म्हणून आणखी ६०० कमी. राहिले ९,१००. त्यावर थोडं ठेवून दहा हजार उक्ते. पटलं तर येतात. नाही पटलं तर रविवारी या म्हणून सांगते, तिथे त्यांना ८०० च पडतात.

लहान मुलांचा दर वेगळा लिहा. पाच ते दहा वर्षांच्या मुलाचं ताट आम्हाला १८० ला पडतं आणि त्याचा दर ५०० आहे. पाचच्या आतलं मूल मोफत. पण मुलाकडून दिवसाच्या खर्चाला ३२० च मिळतात, मोठ्याकडून ५०० मिळतात. पंचवीस डोक्यांत आठ मुलं असतील तर सतरा मोठ्यांचे ८,५०० आणि आठ मुलांचे २,५६०, मिळून ११,०६०. त्यातून ८,२०० गेले की उरतात २,८६०. पंचवीसही मोठे असते तर ४,३०० उरले असते. म्हणून नोंदणी घेताना मोठे किती, मुलं किती, हे वेगळं विचारा.

पायरी ५: गटाचा दर

भिशीचा गट, ज्येष्ठ नागरिक संघ, कंपनीतला विभाग, शाळेतले जुने वर्गमित्र. हे लोक आधी सवलतच विचारतात, आणि ती द्यायला हरकत नसते, कारण एकच माणूस फोन करतो, विसार एकरकमी येतो आणि दिवस भरतो. पण किती माणसांपासून द्यायची, यात मी चुकले होते.

मी लिहिलं होतं: तीस माणसांच्या पुढे ७०० रुपये. नेमका तिथेच आमचा दिवसाचा खर्च वाढतो. दोन मावश्यांना तीसच्या वर झेपत नाही, तिसरी लागते, ६००. वाढायला एक जण, ५००. शिवारफेरीत एका वाटाड्याचा आवाज तीसच्या पुढे मागच्यांना ऐकू जात नाही, म्हणून दुसरा वाटाड्या, ८००. दिवसाचा खर्च ८,२०० वरून १०,१०० झाला. म्हणजे ८०० च्या दराने तीस सुटी माणसं आली तर ६,८०० उरतात आणि ७०० च्या दराने एकतीस जणांचा गट आला तर २,३००. माणूस एक वाढला आणि साडेचार हजार कमी झाले.

आता आम्ही असं बघतो: गटाच्या दिवशी निदान सरासरी रविवारइतके, म्हणजे ४,३०० उरले पाहिजेत. ७०० च्या दराने माणशी ४०० सुटतात. १०,१०० आणि ४,३०० मिळून १४,४०० व्हायला छत्तीस माणसं हवीत. म्हणून गटाचा दर चाळीसपासून. चाळीस जणांत ५,९०० उरतात. आणि आमची वरची मर्यादा साठ आहे, कारण शौचालयं चारच आहेत. नाश्ता झाल्यावर तिथे रांग लागली, की पाहुण्यांना दिवसभराचं तेवढंच लक्षात राहतं.

मधल्या वारचा गट असेल तर ६५० करतो, कारण तो दिवस एरवी रिकामाच गेला असता. रविवारी ६५० कधीच नाही. कुणी फारच घासाघीस केली तर दर न उतरवता वीस माणसांमागे एक ताट मोफत देतो. चाळीस जणांत दोन ताटं, आम्हाला ६०० रुपये पडतात. त्याऐवजी माणशी ५० कमी केले असते तर दोन हजार गेले असते.

पायरी ६: शाळेची सहल

इथे बहुतेक जण मोठ्यांच्या दराचा निम्मा करून मोकळे होतात. कधी तो आकडा बरोबर येतो, कधी येत नाही, आणि का ते कळत नाही. शाळेचा दिवस हा वेगळाच दिवस आहे. मुलं कमी खातात, हुरडा चव घेण्यापुरताच घेतात, पण माणूसबळ जास्त लागतं. म्हणून त्याचा हिशेब पहिल्यापासून वेगळा मांडा.

८० मुलं, ६ शिक्षक आणि दोन बसचे २ चालक, अशी सहल धरू. येणार साडेनऊला, जाणार साडेतीनला. मुलामागे उपमा २०, जेवण ६५ (चपाती, बटाट्याची भाजी, वरण-भात, एक लाडू, मुलांना पिठलं आणि ठेचा चालत नाही हे अनुभवाने कळलं), सरबत आणि फळ १५, पाणी-साबण १०. बी रुजवायला कागदी पिशवी, माती आणि बियाणं, २०. झाले १३०, नासाडीसह १४५. ऐंशी मुलांचे ११,६००. शिक्षक आणि चालकांची ताटं मोफत, प्रत्येकी २०० धरून १,६००.

आता दिवसाचा खर्च. तीन मावश्या १,८००. सफाईला दोन, १,०००. वाढायला दोन, १,०००. वाटाडे चार, ३,२००. बैलगाडी १,५००. सरपण वगैरे ६००. आम्ही दोघं १,६००. वर्षाच्या खर्चाचा वाटा २,०००. प्रथमोपचाराची पेटी आणि दिवसभर दारात उभी ठेवलेली एक गाडी, ५००. एकूण १३,२००.

सगळं मिळून २६,४००. मुलामागे ३३०. वीस टक्के नफा धरून ३९६, म्हणून दर ४००. ऐंशी मुलांत ५,६०० उरतात.

वाटाडे चार का, असं मला मुख्याध्यापकही विचारतात. वीस मुलांमागे एक माणूस, ही आमची न मोडणारी गोष्ट आहे. शेतात विहीर आहे, गोठ्यात शिंगं असलेली जनावरं आहेत, आगटीत विस्तव आहे. ऐंशी मुलांचे चार गट करतो आणि चाळीस-चाळीस मिनिटांची चार कामं फिरवतो: बैलगाडी, शिवारफेरी, गोठा, बी रुजवणं. गाडीत एका वेळी दहा मुलं बसतात, वीस मिनिटांची एक फेरी, म्हणजे चाळीस मिनिटांत एका गटाच्या दोन फेऱ्या होतात. सव्वादहाला सुरू केलं की एकच्या सुमाराला पंगत बसते. मोठ्यांची शिवारफेरी सव्वा तासाची असते, मुलांची चाळीस मिनिटांचीच ठेवावी. विहीर कठड्याबाहेरून दाखवायची, गांडूळखताचा वाफा उकरून दाखवायचा, अंजिराचं पान हाताला लावून बघू द्यायचं. एवढं पुरे होतं. तीनच वाटाड्यांवर ऐंशी मुलं भागवली तर ८०० रुपये वाचतात, पण मग एका जणाकडे सत्तावीस मुलं येतात आणि त्यातली दोन-तीन नजरेआड होतात.

मुलं कमी आली तर काय होतं ते आता बघा. पन्नास मुलांना दोन मावश्या, सफाई-वाढण्याला मिळून तीन जण आणि तीन वाटाडे लागतात. दिवसाचा खर्च ११,३०० वर येतो. पन्नास मुलांचे ७,२५०, चार शिक्षक आणि दोन चालक यांचे १,२००. बेरीज १९,७५०. मुलामागे ३९५. चारशेच्या दराने जवळजवळ काहीच उरलं नाही. म्हणून आमच्या पत्रकात लिहिलेलं असतं: किमान ६० विद्यार्थ्यांचे पैसे. साठ मुलांत अडीच हजाराच्या आसपास उरतात. मुलं साठपेक्षा कमी असलेल्या शाळेला मी सुचवते की जवळच्या दुसऱ्या शाळेबरोबर एकाच दिवशी या.

जिल्हा परिषदेच्या शाळा डबा घेऊन येऊ म्हणतात. त्यांना वाटतं जेवण काढलं की दर निम्म्याच्या खाली येईल. तसं होत नाही. मुलामागचा खर्च १४५ वरून ७५ वर येतो, दोन मावश्या आणि वाढणारे दोघं कमी होतात, दिवसाचा खर्च ११,०००. ऐंशी मुलांचे ६,०००, मोठ्यांच्या ताटांचे १,६००. एकूण १८,६००, म्हणजे मुलामागे २३३. आम्ही २५० घेतो. नफा फार नाही, पण आमची मजुरी आणि वर्षाचा वाटा त्यात निघालेला असतो, आणि गावाकडच्या शाळांसाठी एवढं करावं असं मला मनापासून वाटतं. याच्या खाली मात्र जात नाही.

शिक्षक मोफत किती, तेही आधी ठरवा. आम्ही पंधरा मुलांमागे एक धरतो. त्यापेक्षा जास्त मोठी माणसं आली तर त्यांच्या जेवणाचे २०० रुपये घेतो. एका सहलीला पंचेचाळीस मुलांबरोबर अकरा मोठी माणसं आली होती आणि सगळ्यांना मोफत समजून आणलं होतं. तेव्हापासून हे पत्रकात छापलं आहे.

शाळा कागदपत्रं मागतात, ती तयार ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. अन्नपदार्थांसाठी एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. विम्याची प्रत आणि जवळच्या दवाखान्याचं नाव-अंतर एका कागदावर लिहून दिलं, की मुख्याध्यापकांची निम्मी शंका तिथेच मिटते. आमची वर्षाची उलाढाल साधारण १२ लाखांच्या आसपास जाते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. तुमची उलाढाल तिकडे सरकू लागली तर दर लावण्याआधी कर सल्लागाराला विचारा, कारण कर नंतर दरातून काढावा लागला तर नफ्याचा भाग तोच खातो.

दरात काय, दराबाहेर काय

शेतात झाडाखाली उभं राहून खाल्लेलं फळ दरात, पिशवीत भरून नेलेलं वजनावर. हे फाटकापाशीच सांगायचं, निघताना नाही. नेण्याच्या फळाचा भाव आम्ही मार्केट यार्डात मिळणाऱ्या भावापेक्षा जास्त आणि पुण्यातल्या दुकानापेक्षा कमी ठेवतो.

शेताची फेरी दरातच ठेवा. तिचे वेगळे ५० रुपये लावले तर निम्मी माणसं मांडवात बसून राहतात आणि वाटाड्याचे ८०० तर जातातच. मल्हारगडासारखी गडाची वाट दाखवायची असेल तर ती मात्र वेगळी. वाटाड्या अर्धा दिवस शेताबाहेर जातो, त्याला आम्ही १,२०० देतो, म्हणून माणशी १५० आणि किमान दहा माणसं.

विसार, आकडा आणि पाऊस

सुट्या पाहुण्यांकडून नोंदणीलाच निम्मे पैसे. गटाकडून आणि शाळेकडून तारीख ठरताना तीस टक्के, उरलेले पोहोचल्यावर नाश्त्याआधी. एका शाळेचे पैसे आम्हाला दोन महिन्यांनी मिळाले, तोवर मावश्यांचा रोज मी दूध संघाच्या पैशांतून दिला.

माणसांचा पक्का आकडा दोन दिवस आधी घ्या आणि त्या आकड्याचे निदान नव्वद टक्के पैसे लागतील असं लिहून घ्या. ऐंशी सांगून बासष्ट मुलं आली, तर स्वयंपाक ऐंशीचा झालेला असतो आणि वाटाडे चार बोलावलेले असतात. नव्वद टक्क्यांनी बहात्तर मुलांचे २८,८०० येतात, खर्च निघतो. नुसत्या बासष्टचे २४,८०० आले तर सोळाशेचा तोटा.

पाऊस आला तर आम्ही तारीख बदलून देतो, पैसे परत देत नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगितलं तरच. त्यानंतर मटकीला मोड आलेले असतात आणि बैलजोडी ठरलेली असते.

दर चुकलाय हे कसं ओळखायचं?

एक वही ठेवा. प्रत्येक दिवसासमोर मोठे किती, मुलं किती, जमा किती, किराणा किती, रोज किती आणि उरलेल्या भाकरी किती. चार रविवारांनंतर वही बोलायला लागते. माणसं भरपूर आहेत आणि हातात काही उरत नाही, तर माणशी खर्च चुकला आहे. पीठ-तेल पुन्हा मोजा. माणशी खर्च बरोबर आहे आणि तरी तोटा आहे, तर सरासरी माणसं तुम्ही धरली त्यापेक्षा कमी आहेत. तीन-तीन आठवडे आधी रविवार भरतोय आणि तुम्ही लोकांना नाही म्हणताय, तर दर वाढवायला जागा आहे.

आम्ही दर वर्षातून एकदाच बदलतो, ऑक्टोबरमध्ये. हुरड्याची पहिली तुकडी तेव्हा पेरून झालेली असते, शाळांचे सहलीचे फोन अजून सुरू झालेले नसतात. किराणा दुकानातून तेल, गूळ, डाळ यांचे भाव लिहून आणते, मावश्यांना आणि गाडीवानाला यंदाचा रोज विचारते आणि वरची सगळी बेरीज नव्या पानावर पुन्हा मांडते. गेल्या खेपेला गाडीवानाने २०० रुपये वाढवले, तेवढ्याने तोट्याची सीमा सतरावरच राहिली, म्हणून सुट्या पाहुण्यांचा दर तसाच ठेवला. पण शेंगदाणा तेल आणि भाकरीची ज्वारी दोन्ही वाढून ताट ३३० वर गेलं असतं, तर सीमा अठरावर गेली असती आणि पत्रकावर ८५० छापावे लागले असते.